झोपताना काय ऐकावं: चित्र हवं, प्रश्न नको

प्रश्न: मिहानमध्ये आयटीत आहे. अकराला पडतो पण झोप येत नाही म्हणून पॉडकास्ट लावतो, बहुतेक क्राइमचे, आणि ऐकता ऐकता एक वाजतो. कोणीतरी म्हणालं बोअर काहीतरी ऐक, तर ते लावलं की डोक्यात ऑफिसच सुरू. बायको म्हणते पुस्तक वाच. नेमकं काय ऐकू, की वाचूच?

उत्तर:

भाऊ, मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, नागपुरातच, आणि झोप न येणारे लोक बरीच वर्षं बघून राहिली आहे. बोअर लावलं की ऑफिस सुरू होतं हे जे तुम्ही लिहिलंय नं, त्यातच अर्धं उत्तर आहे, म्हणून तिथूनच सुरू करते.

लोकांना वाटतं की झोपेसाठी जितकं रटाळ तितकं चांगलं. तसं नसतं. पडल्यावर डोकं रिकामं राहत नाही, रटाळ आवाज कानावर पडत राहतो आणि डोकं स्वतःचं काम शोधून काढतं, म्हणजे उद्याची मीटिंग, अडकलेलं रिलीज, मॅनेजरचा मेल. क्राइमच्या एपिसोडमध्ये उलटं होतं, ते ऑफिसला बाहेर काढतं पण त्याच्या जागी दुसरा प्रश्न आणून बसवतं, की खून केला कोणी. आणि लटकलेला प्रश्न डोकं सोडत नाही, मग तो ऑफिसचा असो की खुनाचा. त्यामुळे रोचक की बोअर हे मापच मी वापरत नाही. मी बघते की ऐकताना डोळ्यासमोर चित्र उभं राहतं का आणि मागे प्रश्न लटकतो का. चित्र हवं, प्रश्न नको.

हे माझ्या मनाचं नाही. ऑक्सफर्डच्या अ‍ॅलिसन हार्वी आणि सुझॅना पेन यांनी 2002 मध्ये निद्रानाशाच्या 41 लोकांवर प्रयोग केला होता. काहींना सांगितलं की पडल्यावर एखादं छान, मन रमेल असं दृश्य डोळ्यासमोर आणा, काहींना नुसतं सांगितलं की विचारांवरून लक्ष हटवा, आणि काहींना काहीच सांगितलं नाही. ज्यांनी काहीच केलं नाही त्यांच्यापेक्षा दृश्यवाल्यांना लवकर झोप लागली आणि त्रासदायक विचारही कमी आले. नुसतं लक्ष हटवणाऱ्यांना तसा फायदा दिसला नाही. म्हणजे डोक्याला "तिकडे बघू नको" सांगून भागत नाही, त्याला बघायला काहीतरी द्यावं लागतं. छोटा प्रयोग आहे आणि झोप किती वेळात लागली हे लोकांनी स्वतःच सांगितलेलं आहे, पण माझ्याकडे जे दिसतं त्याच्याशी जुळतं.

आता निवडायचं कसं. रात्री अंथरुणात निवडू नका, कारण निवडणं म्हणजे स्क्रीन चालू आणि पाऊण तास स्क्रोलिंग. दुपारी जेवणानंतर पाच मिनिटं ऐका आणि मधेच, वाक्य पूर्ण व्हायच्या आधी, बंद करा. मग स्वतःला दोनच गोष्टी विचारा. पुढे काय होईल याची चुटपुट लागली का? लागली तर ते मेट्रोसाठी, रात्रीसाठी नाही. आणि आत्ता डोळ्यासमोर काय दिसून राहिलं? काहीच दिसत नसेल, नुसते मुद्दे नि मतं आठवत असतील, तर तेही नको, कारण तिथे तुमचं ऑफिस घुसणार. दोन्हीतून पास होणारं कमी निघतं, पण निघतं. प्रवासवर्णनाचे मधले भाग, निसर्गावरचे ललित लेख, आजोळच्या घराबद्दल किंवा जुन्या स्वयंपाकघराबद्दल कोणीतरी निवांत सांगतंय असं काही. जुनी जिल्हा गॅझेटिअर तर मला फार आवडतात. कुठे काळी माती, कन्हान नदी कुठून येते, कोणत्या तालुक्यात कोणती झाडं, प्रत्येक परिच्छेद तिथल्या तिथे संपतो आणि कोणाचं काही अडून राहत नाही. घरातलं कोणी दोन पानं मोठ्याने वाचून रेकॉर्ड करून देणार असेल तर उत्तमच.

आधी ऐकलेलं पुस्तक पुन्हा ऐकणं हा सगळ्यात सोपा मार्ग आहे. शेवट माहीत असला की प्रश्न आपोआप गळून जातो आणि चित्रं तेवढी राहतात, म्हणून एकदा ऐकून झालेली साधी कादंबरी मधूनच कुठूनतरी लावली तरी चालते. फक्त खुनाची कथा पुन्हा ऐकली तर चालेल असं समजू नका, खुनी माहीत असला तरी किंचाळ्या आणि दबक्या आवाजातलं संगीत तेच असतं.

एक गोष्ट तुमच्यासाठी खास. तुमच्या कामाशी संबंधित काहीही नको, टेक पॉडकास्ट तर अजिबात नको, कितीही संथ असला तरी. झोपेतही कान पूर्ण बंद होत नाहीत. झोपेचे संशोधक इयान ऑस्वाल्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1960 मध्येच दाखवलं होतं की झोपलेल्या माणसाला नावांची यादी ऐकवली तर स्वतःच्या नावाला मेंदू जास्त प्रतिसाद देतो. म्हणजे आपल्या कामाचे शब्द निवडून उचलायची सवय झोपेतही जात नाही, आणि "सर्व्हर डाऊन" हे तुमच्यासाठी जवळपास स्वतःचं नावच आहे. शेअर मार्केटवाल्याने मार्केटचं नको, शिक्षकाने परीक्षेचं नको, असं मी सगळ्यांनाच सांगते.

मजकुरानंतर आवाज. वाचणारा एकच असावा, चढउतार कमी, मागे संगीत नसलेलं बरं. दोघं गप्पा मारतात ते पॉडकास्ट दिवसा छान, रात्री नाही, कारण बोलणारा बदलला की कान पुन्हा टवकारतात आणि मधेच दोघं जोरात हसले की संपलं. झोपण्यासाठीच बनवलेल्या गोष्टीही मिळतात, काहींना त्या मानवतात, पण तो कुजबुजता आवाज कित्येकांना चीड आणतो, तुम्हाला आणला तर सोडून द्या. फुकट अ‍ॅपवर मधल्या जाहिराती गोष्टीपेक्षा मोठ्या आवाजात येतात, म्हणून जाहिरात नसलेलं डाउनलोड करून ठेवा आणि ऑटोप्ले बंद करा. आणि आयटीवाल्यांची एक सवय आहे, सगळं दीडपट स्पीडवर ऐकायचं. रात्री ते 1 वर आणा, जमलं तर 0.9 वर. सुरुवातीला ओढल्यासारखं वाटेल, दोन-तीन रात्रीत वाटत नाही.

आता एक केस सांगते, ओळख लागू नये म्हणून बारीकसारीक बदललंय. चाळिशीतल्या शिक्षिका, मुलगा नीटच्या तयारीला. त्या ऐतिहासिक कादंबरी ऐकत झोपायच्या, तलवारींचे आवाज वगैरे घातलेली नाट्यमय आवृत्ती. झोप लागायला एक तास, आणि लागली तरी दीड-दोनला दचकून जाग, कारण टायमर नव्हता आणि तोवर लढाई सुरू झालेली असायची. आधी फक्त ऑटोप्ले बंद केला आणि तीस मिनिटांचा टायमर लावला, मजकूर तोच. दोनची जाग बऱ्यापैकी थांबली, पण झोप लागायला तासच, उलट टायमर संपला की पुढचं ऐकायला त्याच उठून पुन्हा लावायच्या. मग त्यांनी स्वतःहून दुसरं टोक गाठलं, मराठी विश्वकोशातल्या नोंदी, त्या वेबसाइटवर आहेतच, नवऱ्याकडून रेकॉर्ड करून घेतल्या. धातू, रसायनं असल्या नोंदी होत्या, एकही चित्र नाही, आणि दहाव्या मिनिटाला मुलाचं फिजिक्स डोक्यात. तिसऱ्यांदा नर्मदा परिक्रमेचं वर्णन घेतलं. त्यातही पकड होती बरं, आज भिक्षा मिळेल का, रात्री कुठे थांबणार, म्हणून आधी दिवसा सगळं ऐकून संपवायला सांगितलं आणि रात्रीसाठी फक्त घाट, नदीकाठ, गावं असले भाग ठेवले. रोज तेच दोन-तीन भाग, फिरून फिरून. तीन आठवड्यांनी त्या सांगत होत्या की झोप लागायला साधारण पंचवीस मिनिटं लागतात.

झोप लागायला किती वेळ लागतो याची डायरी तुम्ही कशी ठेवायची ते नीट सांगते, कारण घड्याळाकडे बघत झोपलात तर झोप येतच नाही. सकाळी चहा घेताना रात्रीचा ट्रॅक लावा आणि शेवटचं काय ओळखीचं वाटतं ते शोधा. समजा पंधराव्या मिनिटापर्यंतचं आठवतंय, तर साधारण अठरा-वीसच्या आसपास डोळा लागला असं धरा, कारण झोप लागण्याआधीची काही मिनिटं आठवणीत उरतच नाहीत. अचूक नाही, पण आठवड्याचा कल कळायला पुरे. तोच तोच भाग फिरवत असाल तर हे जमत नाही, म्हणून पहिले दोन आठवडे पुस्तक सलग ऐका, रोज काल आठवतं तिथून पुढे. वीस-पंचवीस मिनिटांच्या आसपास स्थिरावलं की झालं, त्याहून कमी करायच्या मागे लागू नका.

तुम्हाला झोप लागायला नेहमी जेवढा वेळ लागतो त्याच्यापेक्षा टायमर दहा-पंधरा मिनिटं जास्तीचा ठेवा, बहुतेकांना तीस पुरतं. अ‍ॅपमध्ये "चॅप्टर संपल्यावर थांब" असा पर्याय असतो, कादंबरीसाठी तो मुळीच घेऊ नका. लेखक धक्का नेमका प्रकरणाच्या शेवटी ठेवतो, आणि तुम्ही टायमरला सांगताय की मला तिथपर्यंत जागं ठेव. मिनिटांवर लावा, वाक्याच्या मधे तुटलं तर तुटू द्या. आवाज हळूहळू कमी होत थांबवणारं अ‍ॅप असेल तर जास्त चांगलं, एकदम शांतता झाली की काही जण जागे होतात. आयफोनवर अ‍ॅपमध्ये सोय नसली तरी घड्याळाच्या टायमरमध्ये वाजण्याच्या आवाजाच्या जागी Stop Playing निवडता येतं.

आणि टायमर संपला तरी जागे असाल तर? एकदा पुन्हा लावा, दुसऱ्यांदा नाही. त्यानंतर उठून बाहेरच्या खोलीत मंद दिव्यात बसा, डोळे जड झाले की परत या. मानसशास्त्रज्ञ रिचर्ड बूटझिन यांनी 1972 मध्ये मांडलेली ही पद्धत आहे, आजही निद्रानाशाच्या उपचाराचा कणा तोच आहे. कारण साधं आहे, तासन्‌तास जागं पडून पॉडकास्ट ऐकलं की गादी ही झोपेची जागा राहत नाही, ऐकण्याची होते. तुमचं अकरा ते एक हे सध्या तेच होऊन राहिलंय.

नागपूरचा एक वेगळा घोळ आहे, तो म्हणजे कूलर. वरच्या शिक्षिकाबाईंचं एप्रिलमध्ये पुन्हा बिघडलं, मजकूर तोच असूनही. विचारल्यावर कळलं की कूलर लागला होता, त्याच्या घरघरीवर ऐकू यावं म्हणून त्यांनी आवाज वाढवला होता, आणि रात्री लाईट गेली की कूलर बंद आणि मोबाईल बॅटरीवर तसाच मोठ्याने सुरू. दचकणारच. म्हणून उन्हाळ्यात आवाज कूलर चालू असताना ठरवा, इतका की लक्ष दिलं तर शब्द कळतील, नाही दिलं तर नुसती गुणगुण वाटेल. स्पीकर कूलरच्या विरुद्ध बाजूला, उशाजवळच्या स्टुलावर ठेवा. उशीखाली मोबाईल नको, विशेषतः चार्जिंगला लावून तर नकोच, तापतो. शेजारच्या खोलीत ऐकू जाईल इतका आवाज करावा लागत असेल तर मे-जूनमध्ये ऐकणं सोडून पुस्तक घ्या, एकसुरी आवाजाचं काम कूलर करतोच आहे. बाजूला बायकोची झोप मोडत असेल तर एकाच कानात इअरबड चालेल, वरच्या बाजूच्या कानात, कुशीवर झोपल्यावर दबणाऱ्या कानात नाही.

वाचायचं तर नियम तोच, चित्र हवं, प्रश्न नको. पण वाचण्यात एक फायदा आहे जो ऐकण्यात नाही, डोळे मिटले की पुस्तक थांबतं, ते तुमच्याशिवाय पुढे जात नाही. कागदी पुस्तक, हातात हलकं, दिवा पिवळा आणि खांद्यामागून, डोक्यावरची ट्यूबलाइट बंद. तीच ओळ तिसऱ्यांदा वाचताय असं लक्षात आलं की त्याच ओळीवर पुस्तक ठेवा, "हे पान संपवतो" म्हणू नका, प्रकरण संपवतो तर नाहीच.

मोबाईलवर वाचलं तर निळ्या प्रकाशाने झोप उडते का हे सगळे विचारतात, म्हणून थोडक्यात सांगते. 2015 च्या एका अभ्यासात 12 जणांनी झोपण्याआधी प्रकाश देणाऱ्या ई-रीडरवर वाचलं तेव्हा छापील पुस्तकाच्या तुलनेत मेलाटोनिन हे झोपेचं हार्मोन दबलं आणि झोप लागायला सुमारे दहा मिनिटं जास्त लागली. पण ते रोज चार तास, पूर्ण ब्राइटनेसवर वाचत होते. तुम्ही मंद स्क्रीनवर वीस मिनिटं वाचलं तर इतका फरक पडेल असं मला वाटत नाही. मोबाईलचा खरा त्रास व्हॉट्सअ‍ॅपच्या हिरव्या आकड्याचा आहे, प्रकाशाचा त्यामानाने कमी.

ऑफिसच्या विचारांसाठी एक जोड द्या, ऐकण्याच्या आधी. अंथरुणाबाहेर बसून पाच मिनिटं उद्याची कामं कागदावर लिहा, जितकी नेमकी तितकी बरी, म्हणजे "प्रोजेक्ट बघणे" असं नाही, "दहा वाजता अमुकला तमुक फाईल पाठवणे" असं. अमेरिकेत बेलर युनिव्हर्सिटीच्या प्रयोगशाळेत मायकेल स्कलिन यांनी 57 तरुणांवर हे करून बघितलं, 2018 मध्ये प्रसिद्ध झालं. उद्याची कामं लिहिणारे झालेली कामं लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊएक मिनिटं आधी झोपले. कागद दुसऱ्या खोलीत ठेवून या.

हे सगळं कोणाला लागू होत नाही तेही सांगते. जोरात घोरत असाल, श्वास अडकून जाग येत असेल, दिवसा गाडी चालवताना डुलकी लागत असेल तर आधी डॉक्टरांकडून स्लीप अ‍ॅप्नियाची तपासणी, ऑडिओबुकने तो जात नाही. पाय स्वस्थ राहत नाहीत, हलवावेच लागतात, तेही वेगळं प्रकरण आहे. शिफ्ट बदलती असेल, किंवा क्लायंट कॉल साडेदहाला संपत असेल, तर कदाचित अकराला तुम्हाला झोप यायची वेळच झालेली नसते, मग बारापर्यंत पडूच नका आणि सकाळी उठायची वेळ मात्र रोज एक ठेवा. रात्री आठनंतरची कॉफी, चहा हे तुम्ही लिहिलं नाही पण बघून घ्या. आणि आठवड्यात तीन किंवा जास्त रात्री, तीन महिन्यांच्या वर, हा त्रास असेल आणि दिवसाच्या कामावर परिणाम होत असेल तर तो निद्रानाशच समजायचा. त्याला सीबीटी-आय नावाची पद्धतशीर थेरपी आहे, साधारण सहा ते आठ बैठकांची. सायकॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेताना "सीबीटी-आय करता का" असं सरळ फोनवरच विचारा, सगळे करत नाहीत.

आज रात्रीपुरतं म्हणाल तर आधी ऐकलेलं एखादं शांत पुस्तक मधूनच लावा, स्पीड 1, टायमर तीस मिनिटं, ऑटोप्ले बंद, मोबाईल पालथा. क्राइम सोडा असं मी म्हणत नाही. सीताबर्डीवरून मेट्रोने जात असाल तर खापरीपर्यंतचा वेळ त्यासाठीच आहे, तिथे खुनी सापडायच्या आधी स्टेशन आलं तरी झोपेचं काही बिघडत नाही, संध्याकाळी परतताना सापडेल.